पंचवीस ऐकून ५२ लिहिणारी लेक

*ताई, माझी लेक चौथीत आहे, नऊ वर्षं पूर्ण झाली. वाचन असं की पेपर हातात दिला तर पुरवणीसकट वाचून काढते, गोष्टीची पुस्तकं पुरत नाहीत. गणितात मात्र आठ आणि पाच किती विचारलं की अजून बोटं. पंचवीस सांगितलं तर ५२ लिहिते. पन्नासची नोट देऊन बत्तीसचं सामान आणलं, तर किती परत यायला हवेत याचा अंदाजच नसतो. शाळा सेमी इंग्रजी आहे. बाई म्हणतात हुशार आहे, पण लक्ष देत नाही. सासूबाई म्हणतात, "तिना बापलेबी हिसाब जमे नही." एकांनी डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे गणित शिकण्यातली अक्षमता, असेल म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी अबॅकसचा क्लास लावायला सांगितला. पण पाढे बारापर्यंत पाठ आहेत, मग असं काही कसं असेल? तपासायचं कुठे आणि कसं?*
*— एक आई, चोपडा तालुका*

ताई, पाढ्यांपासूनच सुरुवात करते, कारण बहुतेक घरं तिथेच फसतात. पाढे म्हणणं हे बरंचसं जिभेचं आणि कानाचं काम आहे. ज्या मुलीला गोष्टी आवडतात, वाचलेलं लक्षात राहतं, तिला पाढे कवितेसारखे पाठ होतात. तिला आज रात्री एवढंच विचारा: "सात पंचे पस्तीस, तर सात सक त्याहून कितीने जास्त?" पाढा सुरुवातीपासून न म्हणता तिला "सातने" असं सांगता आलं, तर पाढ्याच्या मागे संख्या उभी आहे. ती पुन्हा "सात एके सात" पासून सुरू झाली किंवा तुमच्या तोंडाकडे पाहत राहिली, तर पाढा पाठ आहे पण त्यात संख्या नाही. म्हणून पाढे येतात एवढ्यावरून डिस्कॅल्क्युलिया नाही असं ठरत नाही. आणि बोटं मोजते एवढ्यावरून तो आहे असंही ठरत नाही.

आता ते ५२. पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट हीच, आणि ती दोन्हीकडे झुकू शकते. आपल्या मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस मागून. ऐकेल तसं लिहिणारं मूल आधी ५ लिहितं, मग २. बावन्नचं २५ होतं तेही तसंच. एकोणचाळीस तर त्याहून अवघड: कानावर चाळीस पडतं आणि लिहायचे असतात ३९, म्हणून कितीतरी मुलं बिनधास्त ४९ लिहितात. वीस ते शंभरमधलं जवळजवळ प्रत्येक नाव मराठी मुलाला वेगळं पाठ करावं लागतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत आली तेव्हा महाराष्ट्रभर केवढी थट्टा झाली आठवत असेल. मला त्या थट्टेत कधी भाग घेता आला नाही, कारण ५२ लिहिणारी मुलं रोज माझ्यासमोर बसतात.

त्यात तुमची शाळा सेमी. गणिताच्या तासाला 'ट्वेंटी-फाइव्ह', घरी पंचवीस, आजीची अहिराणी वेगळी, दुकानदाराची भाषा आणखी निराळी. इंग्रजी नाव निदान आकड्यांच्या क्रमाने चालतं, आधी वीस मग पाच. पण तिथे 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' कानाला सारखेच लागतात. म्हणून पहिला प्रश्न असा: लेकीला संख्येचं नाव अडतंय, की संख्याच अडतेय? तपासणी करणाऱ्यानं हे दोन वेगळे केले नाहीत, तर अहवाल चुकीचा येतो. मी स्वतः असा अहवाल दिलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा, घरी पावरी बोलणारा मुलगा माझ्यापुढे आणला होता. मी मराठीत संख्या सांगत गेले, तो चुका करत गेला, आणि मी कागदावर 'गणन-अक्षमता' लिहून मोकळी झाले. वर्षभरानं तोच मुलगा मोहाच्या बियांचे दोन ढीग नुसते बघून कुठला मोठा ते सांगताना दिसला. फरक अगदी थोडा होता, तरी एकदाही चुकला नाही. तेव्हापासून मी आधी वस्तू समोर ठेवते, मग आकडे दाखवते, आणि नाव सर्वांत शेवटी विचारते.

हे तुम्ही घरी दोन संध्याकाळी करून बघू शकता. निदान त्यातून होणार नाही, पण तपासणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. शाळेतून आल्या आल्या नको. काही खाऊ द्या, थोडं खेळू द्या, मग बसा. मोबाइल असा ठेवा की तिचं तोंड आणि बोटं व्हिडिओत येतील.

पहिल्या संध्याकाळी एक ताटली, रुमाल आणि चिंचोके घ्या. ताटलीत तीन चिंचोके वेडेवाकडे पसरा, रुमाल उचला, ती बोलली की झाका. कधी दोन, कधी चार, कधी सात, कधी नऊ, असं उलटसुलट पंधरा-वीस वेळा करा. फाशावरच्या ठिपक्यांसारखी मांडणी मात्र नको, कारण ती आकृती म्हणून पाठ असते. या वयाच्या बहुतेक मुलांना तीन, बऱ्याचदा चारही, मोजावे लागत नाहीत. बघितल्या बघितल्या कळतात. पाचच्या पुढे सगळेच मोजतात. तुम्ही फक्त एक बघायचं: तीन आणि चारलाही तिचे ओठ हलतात का, बोट चिंचोक्यांवरून फिरतं का? उत्तर बरोबर येईलच, त्यावर जाऊ नका. चार वस्तू मोजून सांगणं आणि चार वस्तू दिसणं यात फरक आहे, आणि तो व्हिडिओत स्पष्ट दिसतो.

हा खेळ माझ्या डोक्यातून निघालेला नाही. ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ ब्रायन बटरवर्थ यांनी २००३ साली संगणकावरची जी डिस्कॅल्क्युलिया चाळणी तयार केली, तिचा गाभा हाच होता: ठिपके किती ते सांगायचं, दोन आकड्यांतला मोठा ओळखायचा, आणि उत्तर बरोबर आहे का यासोबत किती वेळ लागला तेही नोंदवायचं. तिथले निकष तिथल्या मुलांवरून काढलेले आहेत, त्यामुळे ते आकडे आपल्या मुलांना जसेच्या तसे लावायचे नाहीत. बघण्याची रीत मात्र घ्यायला हरकत नाही.

त्याच संध्याकाळी मोठा-लहान विचारा, आधी ढिगांचा आणि मग कागदावर लिहिलेल्या आकड्यांचा. ३ आणि ८, २ आणि ९, मग ७ आणि ८, मग ६९ आणि ७१, शेवटी ९८ आणि १०२. जवळच्या आकड्यांना तुम्हाला-मला पण क्षणभर जास्त लागतो, तेव्हा ७-८ ला ती थबकली तर घाबरू नका. २ आणि ९ सारख्या लांबच्या जोडीलाही तेवढीच थबकते का ते बघा. काही मुलांना ढीग अचूक कळतात, पण आकडा बघितला की त्यामागचा ढीग डोळ्यांपुढे येत नाही. अशी मुलं ओळखू आली तर पुढचं काम बरंच नेमकं होतं, कारण त्यांना जड जातं ते आकडा आणि वस्तू यांची गाठ घालणं.

दुसऱ्या संध्याकाळी दोरी. ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आहे, आणि नाव की संख्या हे इथेच सुटं होतं. बरोबर एक मीटर दोरी दोन खुर्च्यांमध्ये ताणून बांधा. डाव्या टोकाला शून्याची चिठ्ठी, उजव्या टोकाला शंभरची. मध्ये एकही खूण नको. कपड्यांचा चिमटा लेकीच्या हातात द्या आणि आकडा *लिहून दाखवा*: ८. "हा कुठे येईल, तिथे चिमटा लाव." लावला की टेपनं डावीकडून सेंटिमीटर मोजा, वहीत लिहा, चिमटा काढा, पुढचा आकडा. दोरी मीटरची असल्यामुळे ८ चा चिमटा ८ सेंटिमीटरवर, ५० चा ५० वर यायला हवा. हिशेब इतका सोपा की सासूबाईसुद्धा मोजू शकतील.

चौथीतल्या एका मुलीची माझ्या वहीतली नोंद देते. तिला मुक्ता म्हणू, नाव बदललं आहे. वाचन तुमच्या लेकीसारखंच फाडफाड. मुक्तानं ८ चा चिमटा ३१ वर लावला, २५ चा ४८ वर, ५० चा ५७ वर, ७२ चा ७० वर आणि ९० चा ८४ वर. चुका काढल्या तर २३, २३, ७, २ आणि ६, म्हणजे सरासरी बारा सेंटिमीटरच्या आसपास. तिच्याच वर्गातल्या मैत्रिणीला तेच पाच आकडे दिले, तर तिचे चिमटे ११, २२, ४९, ७६ आणि ९१ वर. सरासरी चूक अडीच सेंटिमीटरही नाही. पण सरासरीपेक्षा मला मुक्ताच्या चुकांची तऱ्हा जास्त बोलकी वाटली. लहान आकड्यांनी अर्धी दोरी खाऊन टाकली होती आणि मोठे सगळे उजवीकडे दाटीवाटीनं बसले होते. बालवाडीतली मुलं दोरी अशीच भरतात, कारण त्यांच्या ओळखीचे आकडे एक ते दहाच असतात आणि पुढचं सगळं 'खूप'. दुसरी-तिसरीपर्यंत शंभरपर्यंतची दोरी साधारण सरळ होते. मुक्ताची चौथीतही झाली नव्हती.

आता तेच आकडे पुन्हा, पण या वेळी लिहून न दाखवता *मराठीत सांगून*. आणि मग तिसऱ्यांदा इंग्रजीत सांगून. याच वर्षी एरंडोलकडचा एक मुलगा आला होता, तोही पंचवीसचे ५२ लिहिणारा. त्याला 'पंचवीस' सांगितलं तर चिमटा ५२ च्या जवळ. २५ लिहून दाखवलं तर २४ वर. 'ट्वेंटी-फाइव्ह' म्हटलं तर २६ वर. त्याची संख्या जागेवर होती, नाव उलटं पडत होतं. त्याला मोठ्या तपासणीला पाठवलं नाही. संख्यावाचनाचा दोन महिने सराव घेतला, ५२ बंद झाले. मुक्ताला मात्र २५ सांगा, लिहा, इंग्रजीत म्हणा, चिमटा दर वेळी ४५ ते ५० च्या आसपासच. तीन वाटांनी गेलो तरी एकाच चुकीच्या ठिकाणी पोचत होतो. तिला पुढे पाठवलं.

तुमच्या लेकीचं ५२ यातल्या कुठल्या बाजूचं ते दोरी सांगेल. पत्रावरून माझा कौल विचाराल, तर नोटेचा अंदाज नसणं हे नुसत्या नावाच्या गोंधळात बसत नाही. पन्नासमधून बत्तीस गेले तर 'वीसच्या आत काहीतरी' एवढं जाणवायला नाव लागत नाही. म्हणून मी तपासणी करून घ्या असंच म्हणेन.

तपासणीची पहिली पायरी बालरोगतज्ज्ञ. डोळे आणि कान तर तपासायचेच. 'फिफ्टीन-फिफ्टी'सारख्या जोड्या ऐकू येण्यातच घोटाळा असेल, तर तोही आधी कळायला हवा. शिवाय एक गोष्ट तुम्ही स्वतःहून विचारा, कारण ती सहसा निसटते: लेकीची उंची. ती वर्गात सगळ्यात बुटकी आहे का, दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक अजून लांबीला पुरतोय का? टर्नर सिंड्रोम नावाची एक जन्मजात स्थिती फक्त मुलींत असते, साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागे एक. त्यात बोलणं-वाचणं छान आणि गणित, नकाशे, दिशा यांत अडचण अशी जोडी बऱ्याचदा दिसते, आणि उंची कमी राहते. बहुतेक वेळा असं काही निघत नाही. पण निघालं तर उंचीसाठीचे उपचार वेळेत सुरू करता येतात, म्हणून वाढीचा तक्ता काढून घ्यायचा. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं होतं का, जन्माचं वजन किती होतं, हेही सांगा. मुदतपूर्व जन्मलेल्या मुलांत गणिताच्या अडचणी जास्त आढळतात. आणि सासूबाईंचं वाक्य टोमणा म्हणून सोडून देऊ नका. डिस्कॅल्क्युलिया घराण्यात चालतो, तेव्हा वडिलांची माहिती डॉक्टरांच्या कामाची आहे.

दुसरी पायरी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, आणि इथे आई-बापांनी जागं राहायला हवं. आधी बुद्ध्यांक काढतात, कारण अध्ययन-अक्षमतेच्या सरकारी पद्धतीत तो ८५ च्या वर आहे का ते पाहतात. आपल्याकडे यासाठी 'मिसिक' ही चाचणी अजून सर्रास वापरतात. नागपुरात मॅलिन यांनी ती बसवली, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. तिच्या शाब्दिक भागात एक उपचाचणी चक्क तोंडी गणिताची आहे. म्हणजे ज्या मुलीला गणितच अडतं, तिचे गुण तिथे पडतात, एकूण बुद्ध्यांक खाली येतो, आणि काठावरची मुलगी ८५ च्या खाली ढकलली जाते. मग तिला 'मंदगती' म्हणून परत पाठवतात. म्हणून अहवालात नुसता एकूण आकडा घेऊन येऊ नका. प्रत्येक उपचाचणीचे गुण वेगळे मागा. शब्दार्थ आणि आकलन चांगलं आणि तोंडी गणितात खड्डा, असं चित्र असेल तर ते लपता कामा नये.

त्यानंतर बहुधा निम्हान्स या बंगळूरच्या मानसिक आरोग्य संस्थेचा अध्ययन-अक्षमतेचा चाचणी संच लावतील. त्यात वाचन, लेखन, आकलन, लक्ष, स्मृती आणि अंकगणित असे भाग असतात, आणि मूल आपल्या इयत्तेच्या किती मागे आहे ते कळतं. दोन इयत्ता मागे असणं ही नेहमीची खूण. हा संच चांगला आहे, पण त्याचा अंकगणिताचा भाग बेरीज-वजाबाकी-गुणाकार-भागाकार असा शाळेच्या वळणाचा आहे. लेक मागे आहे हे तो सांगेल, का मागे आहे हे सांगणार नाही. ते तुमच्या व्हिडिओतून आणि दोरीच्या वहीतून कळेल, म्हणून दोन्ही सोबत न्या आणि संकोच न करता पुढे ठेवा. एक मागणी आणखी करा: गणिताचे प्रश्न तिला नुसते ऐकवू नका, लिहूनही दाखवा, आणि ज्या भाषेत ती गणित शिकली त्या भाषेत विचारा. वाचनाची चाचणी मराठीत आणि गणिताची इंग्रजीत झाली, आणि दोन्हींतला फरक 'अक्षमता' म्हणून नोंदवला गेला, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत.

लक्षाबद्दल बाई म्हणतात तेही उडवून लावू नका. लक्ष टिकत नसेल तर बहुतेक वेळा ते पुस्तक वाचतानाही टिकत नाही. तुमची लेक तासभर गोष्ट वाचते, आणि गणित आलं की खिडकीबाहेर बघते. हा लक्षाचा दोष दिसत नाही, पळवाट दिसते. पण लक्ष आणि गणित दोन्ही एकत्र अडणारी मुलंही बरीच असतात, म्हणून मानसशास्त्रज्ञांना ते मुद्दाम तपासायला सांगा.

कुठे जायचं? आधी तुमच्या तालुक्याच्या गट साधन केंद्रात. तिथे समग्र शिक्षेचे समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना फी नाही, आणि शाळेत जाऊन मुलीला बघता येतं. दुसरी वाट राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. शाळेत तपासणीला येणारं पथक याच कार्यक्रमाचं. त्यांना सांगितलं तर ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतात. अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात आणि अध्ययनातल्या अडचणी यादीत आहेत. खासगी तपासणी केलीत तर ती समजून घेण्यासाठी ठीक, पण सवलतींसाठी प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळाचंच लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्कॅल्क्युलियाचं नाव आहे, वय आठ पूर्ण लागतं, ते तुमचं झालेलं आहे. अर्ज swavlambancard.gov.in वर. जादा वेळ, गणकयंत्र अशा सवलतींचा खरा उपयोग पुढे दहावीला होतो. चौथीत त्या कागदाच्या मागे धावून दमू नका.

कारण निदानासाठी आणखी एक अट आहे, आणि ती डॉक्टरकडे जाऊन पुरी होत नाही. जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांत म्हटलं आहे की नेमकी मदत देऊनसुद्धा किमान सहा महिने अडचण टिकली पाहिजे. एखाद्या मुलीला पहिली-दुसरीत नीट शिकवलंच गेलं नसेल, कापूस वेचणीच्या दिवसांत महिना-महिना शाळा बुडाली असेल, तर तीही दोन इयत्ता मागे दिसेल. मदत मिळाली की ती भराभर पुढे सरकते. डिस्कॅल्क्युलिया असलेली मुलगीही पुढे सरकते, पण हळू, आणि सोमवारी आलेलं गुरुवारी पुन्हा परकं होतं. म्हणजे हे सहा महिने हीच तपासणीची सर्वांत लांब पायरी आहे. आजपासून सुरू केलीत, तर मंडळापुढे जाईपर्यंत ती पुरीही होईल.

रोज वीस मिनिटं, दोनच कामं. पहिलं दहाची चौकट: वहीच्या पानावर पाच-पाच घरांच्या दोन ओळी. आठ चिंचोके ठेवा, दोन घरं रिकामी दिसतात. आता पाच आणखी द्यायचे आहेत, तर दोन त्या घरांत, उरलेले तीन बाहेर. दहा आणि तीन. ती ८ + ५ कशी करते ते आज लिहून ठेवा: एकपासून सगळं मोजते, की आठच्या पुढे 'नऊ, दहा...' मोजते, की दहा भरून घेते? चौथीतही एकपासून मोजत असेल तर ती मोठी खूण आहे. महिन्यातून एकदा पुन्हा बघा, रीत बदलली का. उत्तर बरोबर आलं की चूक, हे सध्या बाजूला ठेवा. घरात केळीची फणी आली तर तीही चालते: दोन ओळींत लगडलेली केळी, वरच्या किती, खालच्या किती, न मोजता आधी अंदाज, मग मोजणी.

दुसरं काम पट्टीचा खेळ. सापशिडी काढावीशी वाटेल, पण तिच्या पटावर आकडे एका ओळीत डावीकडून आणि पुढच्या ओळीत उजवीकडून जातात. नेमक्या याच मुलांचा त्यात गोंधळ उडतो. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूचे तुकडे चिकटवून १ ते १०० ची सरळ लांब पट्टी करा. सोंगटी ३७ वर असताना चार पडले, तर 'एक, दोन, तीन, चार' असं म्हणायचं नाही. घराचं नाव घ्यायचं: 'अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एकेचाळीस.' हा बारीक नियम पाळला तरच खेळाचा उपयोग, नाहीतर नुसती सोंगटी सरकते. प्रत्येक घराचा आकडा डोळ्यांसमोर आणि नाव तोंडात एकाच वेळी येतं, त्यामुळे तिचं ५२ आणि २५ सुद्धा तिथेच सावरायला लागतं. शाळेला एवढंच सांगा की तिला गणिताची उत्तरं घड्याळ लावून विचारू नका, आणि फळ्यापुढे उभं करून तर नकोच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दोरी पुन्हा बांधा. तेच पाच आकडे, तारीख घालून. मुक्ताची सरासरी बारावरून सात महिन्यांनी आठवर आली. एरंडोलच्या मुलाच्या वहीत तर मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. अशी सहा पानं घेऊन गेलात, तर तपासणाऱ्याला अर्ध्या तासाच्या भेटीत जे दिसणार नाही ते त्या वहीत दिसेल.

राहिला अबॅकसचा क्लास. तिथे मणी सरकवण्याची पद्धत आणि वेग शिकवतात, आणि पाढे पाठ करणारी तुमची लेक तीही पाठ करेल. मग सगळ्यांना वाटेल प्रश्न सुटला, आणि तपासणी आणखी दोन वर्षं लांबेल. फी भरली नसेल तर सध्या भरू नका.